सुतार : करवत :: शिंपी : ? यात 'सुई' चूक का?

मुक्ताची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, यंदा शिष्यवृत्तीला बसवलीय. काल क्लासचा सराव पेपर घरी आला, बुद्धिमत्तेत समसंबंधाचे पाच प्रश्न होते त्यातले तीन चुकले. दोन तिला समजावून सांगितल्यावर पटले पण तिसऱ्यावर आमच्या घरात रात्री साडेदहापर्यंत वाद चालू होता. प्रश्न असा -

सुतार : करवत :: शिंपी : ?
(१) कापड (२) सुई (३) कात्री (४) शिवणयंत्र

तिने सुई लिहिलं. उत्तर दिलंय कात्री. ती म्हणते सुताराचं हत्यार करवत, शिंप्याचं हत्यार सुई, मग चूक काय? खरं सांगायचं तर मलाही पटेना. नवरा म्हणाला मशीन पाहिजे, आजकाल सुईने कोण शिवतं. सासूबाई म्हणाल्या प्रश्नच फालतू आहे. क्लासच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या "उत्तरसूचीत तसंच आहे ताई". आता असे प्रश्न सोडवायची काही पद्धत असते का नुसता अंदाज? कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, मला तिला समजवायचंय.

टवाळ_पोर
सासूबाई +१

देशपांडे_काकू
उत्तर कापड आहे गं. बाकीची तिन्ही हत्यारं आहेत, कापड एकटंच वस्तू. गटात बसत नाही ते. आमच्या नातवाला असेच यायचे.

मुक्ताची_आई
काकू ते 'वेगळं पद ओळखा'मध्ये. इथे जोडी जुळवायचीय :)

खाकी_स्वप्न
ताई एवढा विचार करायचा नसतो. मी पोलीस भरतीची तयारी करतोय दोन वर्षं. लेखीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिट पण नाही. आम्ही डायरेक्ट पर्याय बघतो, जो पहिल्या जोडीसारखा वाटतो तो मारतो. करवत कापते, कात्री कापते, विषय संपला. सारखं दिसणारं शोधायचं बस.

फळा_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिष्यवृत्तीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

मुक्ताची आई, तुमच्या मुलीचं उत्तर मूर्खपणाचं अजिबात नाही. तिने नातं ओळखलं, फक्त ढोबळ ओळखलं. मी मुलांना सांगायचो की आधी डाव्या हाताने चारही पर्याय झाका. मग पहिल्या जोडीतले दोन्ही शब्द घालून एक वाक्य तयार करा, अगदी घरात बोलतो तसं. मुलं बहुतेक वेळा पहिलं वाक्य करतात "सुतार करवत वापरतो". ठीक आहे. आता हात काढा आणि तेच वाक्य एकेका पर्यायाला लावा. शिंपी कापड वापरतो, चालतं. शिंपी सुई वापरतो, चालतं. कात्री वापरतो, मशीन वापरतो, सगळंच चालतं! चारही पर्याय पास झाले म्हणजे वाक्य सैल आहे. इथे मुलं काय करतात, तर चारातला आवडता पर्याय निवडतात. मुक्ताने हेच केलं, आणि तिच्या बाबांनी पण.

वाक्य सैल निघालं तर पर्यायांकडे बघायचं नाही, परत पहिल्या जोडीकडे जायचं. सुतार करवत वापरतो, पण कशाला? कापायला. म्हणून नवं वाक्य: "सुतार आपला माल करवतीने कापतो." आता परत लावा. शिंपी आपला माल कापडाने कापतो, नाही. सुईने कापतो, नाही. कात्रीने कापतो, हो. पण इथे थांबायचं नाही, चौथा पण लावून बघायचा. शिवणयंत्राने कापतो, नाही. एकच उरला.

'आपला माल' म्हटलं हे मुद्दाम. काही हुशार पोरं लगेच "सुतार करवतीने लाकूड कापतो" करतात आणि मग शिंपी लाकूड कापत नाही म्हणून अडकतात. वाक्य जास्त घट्ट झालं की एकही पर्याय बसत नाही. तेव्हा जो शब्द फक्त त्या धंद्यापुरताच आहे तो सोडायचा, इथे लाकूड. काम ठेवायचं, माल सोडायचा.

एक गंमत सांगतो. आमच्या एका पोराने यालाच मिळत्याजुळत्या प्रश्नात शिवणयंत्र लिहिलं होतं. विचारलं का रे, तर म्हणाला करवतीला दाते असतात आणि आईच्या मशीनला सुईखाली पण दाते असतात. खरंच असतात, कापड पुढे सरकवायला! निरीक्षण शंभर नंबरी, पण त्याने करवत आणि मशीन यांची जोडी लावली, सुतार बाजूलाच राहिला. वाक्यात दोन्ही शब्द आलेच पाहिजेत असा माझा हट्ट त्यामुळेच.

मुक्ताची_आई
सर हे झकास सांगितलंत. आज संध्याकाळी हात झाकून करून घेते.

कात्रीवाला
वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, लहानपण तिथेच गेलं, त्यामुळे राहवत नाही. दुकानात कापणारा वेगळा आणि शिवणारा वेगळा. कापणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात. तो टेबलावर कापड पसरतो, खडूने माप आखतो आणि ती मोठी जड कात्री चालवतो. कारागीर मशीनवर बसतो, त्याला नगावर पैसे. आमच्याकडे कारागिराने मास्तरच्या कात्रीला हात लावला तर वडील ओरडायचे, कागद कापलात तर धार जाते म्हणून. तर आमच्या दुकानातल्या निम्म्या शिंप्यांच्या हातात दिवसभर कात्री नसायचीच, फार तर दोरा तोडायला छोटीशी. आता बोला सर.

बाकी सुई म्हणाल तर ती फक्त तुरपाई आणि बटणांना. म्हणजे सुई हे शिंप्याचं सगळ्यात कमी वापराचं हत्यार आहे, पण चित्रात नेहमी सुईदोराच काढतात.

फळा_खडू
कात्रीवाले, तुमचं खरंय, पण प्रश्नातला शिंपी हा दुकानातला नव्हे, शब्दातला असतो. 'शिंपी' म्हटल्यावर कापणं आणि शिवणं दोन्ही आलं. तुमचा युक्तिवाद मान्य केला तर सुतार पण फर्निचरच्या कारखान्यात करवत हातात धरत नाही, मशीनवर कापतो.

कात्रीवाला
म्हणजे ज्याला धंदा माहितीय त्याचं उत्तर चुकणार आणि ज्याने चित्र पाहिलंय त्याचं बरोबर येणार :D

खाकी_स्वप्न
सर तुमची पद्धत बरोबर असेल पण वाक्य बनवत बसलं तर पेपर राहील. माझ्या पद्धतीने पण कात्रीच आलं ना?

फळा_खडू
आलं, कारण या प्रश्नात करवत आणि कात्री दोन्ही कापतात, नशीब. आता हा करा, वेळ लावून:

रिमझिम : मुसळधार :: झुळूक : ?
(१) वारा (२) वादळ (३) गारवा (४) पंखा

खाकी_स्वप्न
वारा. ५ सेकंद.

स्नेहल_सांगली
वादळ ना?

खाकी_स्वप्न
झुळूक वाऱ्याचीच असते की. रिमझिम पण पावसाची असते, मुसळधार पण पावसाचीच.

स्नेहल_सांगली
पण मग मुसळधारच्या जागी 'पाऊस' असता. रिमझिम : पाऊस :: झुळूक : वारा असं. इथे रिमझिम म्हणजे हलका आणि मुसळधार म्हणजे तोच पाऊस जोराचा. झुळूक हलकी, तोच वारा जोराचा म्हणजे वादळ.

फळा_खडू
स्नेहल, शंभर पैकी शंभर. खाकी, वारा हा पर्याय तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलाय, झुळूक वाचली की लगेच ओठावर येतो. पेपर काढणारा नेहमी तिसऱ्या शब्दाचा जवळचा नातेवाईक पर्यायात बसवतो. मघाच्या प्रश्नात तो मान सुईचा होता. पर्याय आधी बघितले की हा नातेवाईक पहिला हाक मारतो. आणि वाक्य कागदावर लिहायचं नसतं हो, मनात म्हणायचं, तीन-चार सेकंदांचं काम. उलट ज्यांना पद्धत नसते ते दोन पर्यायांत लटकून मिनिट घालवतात.

खाकी_स्वप्न
बरं. एक गेला. पण पोलीस भरतीला निगेटिव्ह नसतं त्यामुळे मारून मोकळं होणं परवडतं एवढं तरी मान्य करा.

फळा_खडू
शेवटच्या दोन मिनिटांत मान्य.

एसएससी_वारी
आमच्याकडे निगेटिव्ह आहे (चुकलं की अर्धा मार्क जातो) म्हणून मी सरांच्या बाजूने. आणि आमच्यात बऱ्याचदा चौथा शब्द विचारतच नाहीत, पूर्ण जोडीच निवडायची असते. तिथे ढोबळ नातं घेतलं की मेलात. हा बघा, मी स्वतः तयार केलाय:

कल्ले : मासा
(१) पंख : पक्षी (२) फुफ्फुस : माणूस (३) माणूस : नाक (४) शेपूट : वाघ

"कल्ले हा माशाचा अवयव" असं म्हटलं तर पहिला, दुसरा, चौथा सगळे बसतात. "कल्ल्यांनी मासा श्वास घेतो" म्हटलं की पंख आणि शेपूट उडाले. राहिले फुफ्फुस आणि नाक. नाकाने पण माणूस श्वास घेतोच की, पण तिथे जोडी उलटी लिहिलीय, आधी प्राणी मग अवयव. वाक्य जसंच्या तसं ठेवून लावलं की येतं "माणसाने नाक श्वास घेतं", कानालाच खटकतं. म्हणून २. उलट्या जोडीवर माझे सुरुवातीला खूप मार्क गेलेत, नातं बरोबर दिसतं आणि दिशा बघायची राहून जाते.

मालवणी_माणूस
कल्ल्यांवरना आठवला, बाजारात मासो घेताना कल्ले उघडून लाल हत काय बघूचे, तपकिरी दिसले की पुढच्या कोळणीकडे. परीक्षेपेक्षा ह्याच जास्त उपयोगाचा.

टवाळ_पोर
लाल : ताजा :: तपकिरी : मालवणी माणूस पुढच्या कोळणीकडे

देशपांडे_काकू
दिशेवरून विचारते. नातवाला आलं होतं, गाय : वासरू :: ? : शिंगरू. पर्यायात घोडा पण होता आणि घोडी पण. त्याने घोडा लिहिलं. घोड्याचं पिल्लू शिंगरू असंच आपण म्हणतो ना, तरी मार्क कापला.

फळा_खडू
काकू, आता तुम्ही बरोबर जोडीवर आलात! "वासरू हे गाईचं पिल्लू" म्हटलं तर घोडा, घोडी दोन्ही बसतात. दोन बसले म्हणजे परत पहिल्या जोडीकडे. गाय ही आई आहे, बैल नाही. "गाय ही वासराची आई." म्हणून घोडी. पर्यायात घोडी नसती तर घोडाच बरोबर होता. वाक्य किती घट्ट करायचं हे काही आधी ठरत नाही, पर्याय लावल्यावर एकच उरेपर्यंत घट्ट करायचं आणि एकही उरला नाही तर एक पीळ सोडायचा.

अभि_पुणे
सर इथे मला जरा खटकतंय. आधी म्हणालात पर्याय झाका, आता म्हणताय पर्यायांवरून ठरवा.

फळा_खडू
पहिलं वाक्य झाकून करायचं. घट्ट किती करायचं हे पर्याय सांगतात, पण कुठे घट्ट करायचं ते पहिल्या जोडीतूनच शोधायचं. सुईला सोयीस्कर होईल असं वाक्य वळवायचं नाही, एवढाच मुद्दा.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत एसएटीमध्ये हे प्रश्न पूर्वी असायचे, २००५ मध्ये काढून टाकले. जीआरईतून पण २०११ ला गेले. त्यातला एक फार गाजलेला प्रश्न होता, धावपटू : मॅरेथॉन याच्याशी जुळणारी जोडी, आणि उत्तर होतं नावाडी : रिगाटा. रिगाटा म्हणजे होड्यांची शर्यत. लोकांचं म्हणणं असं की ज्या पोराच्या घरात कुणी कधी होडीच्या शर्यतीला गेलं नाही त्याला नातं कळूनही उत्तर येणार नाही. कात्रीवाल्यांचं वाचून तेच आठवलं. मुक्ताने तरी शिंपी कुठे बघितला असेल? सगळं रेडीमेड.

मुक्ताची_आई
हे अगदी खरं. घरात कात्री म्हणजे दुधाची पिशवी कापायला, आणि सुई म्हणजे माझी, शाळेच्या शर्टाची बटणं लावायला. शिंपी तिने फक्त पुस्तकात पाहिलाय.

स्नेहल_सांगली
आम्हाला क्लास टेस्टला नाशिक : गोदावरी :: पंढरपूर : ? आलं होतं. पर्याय कृष्णा, भीमा, नीरा, इंद्रायणी. अर्ध्या वर्गाने हात वर केले, बाई चंद्रभागा छापायचं राहिलंय!

टवाळ_पोर
आषाढीला चालत गेलेल्यांना ग्रेस मार्क द्या.

फळा_खडू
ही पण तीच अडचण. नातं सगळ्यांना कळलं होतं, गाव आणि गावाची नदी. पंढरपुरात भीमेलाच चंद्रभागा म्हणतात हे माहीत नसेल तर पद्धत काही करू शकत नाही. हा प्रश्न मुळात सामान्य ज्ञानाचा, बुद्धिमत्तेचा वेश घालून आलेला.

अभि_पुणे
शब्दांचं ठीक आहे, अंकांच्या समसंबंधाचं काय? ६ : ४२ :: ८ : ? पर्याय ४८, ५६, ६४, ७२. मी म्हणालो ५६, सातपट. उत्तर दिलं ७२ कारण ६×७ आणि ८×९. दोन्ही नाती तंतोतंत बसतात, दोन्ही उत्तरं पर्यायात आहेत. इथे घट्ट काय करायचं?

खाकी_स्वप्न
७२. असे आले की पुढच्या अंकाने गुणायचं, पाठ आहे.

अभि_पुणे
पाठ आहे हे कारण झालं का? मी इंजिनियर आहे, माझ्या मते साधं नातं ते बरोबर नातं, आणि सातपट हे सगळ्यात साधं.

एसएससी_वारी
सात आला कुठून पण? ६×७ मध्ये सात हा सहाच्या पुढचा, म्हणून त्याला निदान कारण आहे. तुमचा सात आकाशातून पडला.

अभि_पुणे
आकाशातून नाही, ४२ भागिले ६ मधून पडला.

फळा_खडू
यात मी वारीच्या बाजूने, पण जरासाच. जे नातं पहिल्या आकड्यातूनच तयार होतं ते पेपर काढणाऱ्यांना आवडतं एवढं अनुभवाने सांगतो. पण ५६ आणि ७२ दोन्ही पर्यायात ठेवणं ही काढणाऱ्याची चूक आहे. चांगल्या पेपरात अंकांचे असे प्रश्न असले की दोन जोड्या दिलेल्या असतात, समजा ६ : ४२ आणि ५ : ३०, मग सातपट आपोआप मरते. एकाच जोडीवर आकड्यांमध्ये नाती कितीही काढता येतात. ४२ म्हणजे सहात छत्तीस मिळवले असंही आहेच, मग उत्तर ४४.

अभि_पुणे
४४ पर्यायात नाही म्हणून वाचलो. पण ५६ ला मार्क द्यायला हवा यावर मी ठाम आहे.

कात्रीवाला
आक्षेप घ्या की. शिष्यवृत्तीला पण आधी अंतरिम उत्तरसूची येते आणि ऑनलाइन आक्षेप घेता येतो. क्लासच्या पेपरला मात्र देवच वाली.

रंधा_पटाशी
धागा आता बघितला. मी सुतार, तिसरी पिढी. सुताराला करवतच का लावतात सगळीकडे? आमचा खरा वेळ रंधा मारण्यात जातो. करवत दोन तास, रंधा दिवसभर.

टवाळ_पोर
सुतार : रंधा :: शिंपी : इस्त्री. गुळगुळीत करणे. आता मला मार्क द्या.

फळा_खडू
टवाळ, दिले. वाक्य घट्ट आहे आणि दिशाही बरोबर.

मुक्ताची_आई
रिपोर्ट द्यायला आले. काल मुक्ताकडून हात झाकून दहा प्रश्न करून घेतले, आठ बरोबर आले. एक 'कोमट : उकळते :: गार : ?' मध्ये 'बर्फ' लिहून चुकला, 'गोठलेले' पाहिजे होतं. तिचं तिनेच म्हणून बघितलं, "कोमट पाणी आणखी तापलं की उकळतं पाणी, गार पाणी आणखी गार झालं की बर्फ पाणी", आणि हसायला लागली.

सुईचा राग मात्र गेला नव्हता. थोड्या वेळाने वही घेऊन आली, म्हणाली आई सुई बरोबर यायला पाहिजे असेल तर पहिली जोडी बदलावी लागेल. आणि हा प्रश्न लिहिला होता:

सुतार : हातोडा :: शिंपी : ?
(१) कात्री (२) सुई (३) कापड (४) बटण

वाक्य विचारलं तर म्हणाली "सुतार हातोड्याने तुकडे जोडतो". शिवणयंत्र पर्यायातून तिने स्वतःच काढून टाकलं, म्हणे ते ठेवलं तर दोन उत्तरं येतील आणि बाबा परत भांडतील.

फळा_खडू
पाचवीतल्या पोरीने दुसरं बरोबर उत्तर ओळखून पर्यायातून काढलं! अभि, तुमच्या ५६ वाल्याला हिच्याकडे पाठवा शिकायला.

रंधा_पटाशी
पोरगी हुशार आहे पण चांगला सुतार खिळ्याने जोडत नाही, पटाशीने खाच पाडून सांधा बसवतो. हातोडा त्याला लागतो पटाशीवर मारायला, म्हणजे परत कापायलाच.

कात्रीवाला
म्हणजे परत कात्री :D :D

मुक्ताची_आई
हे मी तिला सांगणार नाहीये.